शांत, प्रेमळ, कुटुंबवत्सल : स्थळाच्या परिचयातील परिच्छेद पाठ केल्यासारखा वाटू नये म्हणून

स्थळाच्या परिचयपत्रात जन्मतारीख, उंची, शिक्षण, रास, नाडी हे रकाने भरून झाले की शेवटी ‘मुलीविषयी थोडेसे’ किंवा ‘स्वतःविषयी’ अशी चार-पाच ओळींची मोकळी जागा उरते आणि तिथे बहुतेक घरे अडतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील ओळखीच्या घरांसाठी असे परिचय लिहून देण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. या जागेत काय सांगायचे आहे, याबद्दल कोणाच्याच मनात गोंधळ नसतो. मुलगी शांत आहे, माया करणारी आहे, घर धरून राहणारी आहे, एवढेच सांगायचे असते. अडचण अशी की हेच तीन गुण शेजारच्या घरातील मुलीच्या परिचयातही त्याच शब्दांत लिहिलेले असतात. त्यामुळे गुण खरा असूनही वाक्य खरे वाटत नाही.

हे कसे टाळायचे ते एका परिचयाच्या आधारे सांगते. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, बी. फार्म. झालेली, कणकवलीत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. घर देवगड तालुक्यात, वडिलांची हापूसची बाग, घरात आईवडील आणि आजी, धाकटा भाऊ पुण्यात शिकायला, काका आणि त्यांचे कुटुंब मुंबईत. वडिलांनी स्वतः लिहून आणलेला परिच्छेद असा होता :

“आमची कन्या शांत, सुस्वभावी, प्रेमळ, मनमिळाऊ, संस्कारी व कुटुंबवत्सल असून तिला घरकामाची आवड आहे. ती मोठ्यांचा आदर करणारी, सर्वांची काळजी घेणारी व सर्वांना सांभाळून घेणारी आहे.”

यात एकही शब्द खोटा नव्हता. तरीही हा परिच्छेद वाचून त्या मुलीला कोणी ओळखले नसते.

पाठांतराचा सूर कोठून येतो

पहिली समजूत अशी असते की शब्द जुने झाले म्हणून परिच्छेद शिळा वाटतो आणि नवे शब्द शोधले की काम होईल. मग ‘शांत’च्या जागी ‘सौम्य’, ‘प्रेमळ’च्या जागी ‘स्नेहशील’ येतो आणि परिच्छेद आणखी कृत्रिम होतो. मला वाटते, दोष शब्दांपेक्षा वाक्याच्या बांधणीत जास्त आहे. वरच्या परिच्छेदात विशेषणे स्वल्पविरामांनी एकामागे एक लावली आहेत आणि पुढे ‘करणारी’, ‘घेणारी’, ‘घेणारी’ अशी त्याच घडणीची रूपे आली आहेत. मराठीत असे विशेषणांचे रांगेने येणे आपण मुख्यतः दोन ठिकाणी वाचतो, स्थळाच्या परिचयात आणि निधनाच्या बातमीत. ‘मनमिळाऊ व शांत स्वभावाचे म्हणून ते परिचित होते’ हे वाक्य प्रत्येकाने वर्तमानपत्रात वाचलेले असते. जिवंत माणसाविषयी बोलताना आपण असे बोलत नाही. शेजारीण आपल्या सुनेबद्दल सांगते तेव्हा ती ‘संयमी आहे’ असे म्हणत नाही, ‘आवाज चढवताना मी तिला अजून ऐकले नाही’ असे म्हणते.

म्हणून तीन गुण सांगायचे असतील तर तिन्हींसाठी वाक्याची घडण वेगळी ठेवावी. एक गुण साध्या विशेषणाने किंवा थेट विधानाने सांगावा. दुसरा क्रियापदातून, म्हणजे नेहमी घडणाऱ्या एखाद्या कृतीतून दाखवावा. तिसऱ्यासाठी ‘तिला ओढ आहे’, ‘तिला करमत नाही’, ‘तिला माणसे लागतात’ यांसारखी रचना घ्यावी. या रचना मराठीत अगदी रोजच्या आहेत आणि त्यांत भावना आपसूक येते. नकारातूनही गुण चांगला सांगता येतो. ‘ती घाई करत नाही’ हे वाक्य ‘ती शांत आहे’ याहून जास्त सांगते, कारण त्यातून शांतपणा कोणत्या प्रकारचा आहे ते कळते.

लिहिण्याआधी घरातल्यांना काय विचारायचे

परिचय ज्याचा आहे त्याला स्वभाव विचारू नये. त्याला आपला स्वभाव सांगताना संकोच वाटतो आणि तो ऐकलेले शब्दच परत सांगतो. मी घरातल्या निदान दोन माणसांना वेगवेगळे बसवून विचारते. गुणाचे नाव न घेता प्रसंग विचारायचा, हा त्यातला मुख्य भाग. शांतपणासाठी ‘ती शेवटची कधी चिडली आणि चिडल्यावर तिने काय केले?’ असे विचारते. मायेसाठी ‘घरात कोणी आजारी पडले तेव्हा कोणते काम तिने न सांगता अंगावर घेतले?’ असे विचारते आणि घरच्या ओढीसाठी ‘गणपतीला किंवा शिमग्याला घर भरते तेव्हा ती नेमकी कुठे असते, काय करते?’ असे विचारते. हा तिसरा प्रश्न कोकणात कधी वाया जात नाही. त्या आठ-दहा दिवसांत मुंबईहून आलेली सगळी माणसे एका छपराखाली असतात आणि कोणाचा कल कुठे आहे ते तेव्हाच उघड होते.

या मुलीची आई म्हणाली, “ती चिडत नाही, गप्प होते. दुसऱ्या दिवशी चहा घेताना विषय काढते.” आजीने खळ्यातल्या बाकावर बसून सांगितले, “चेडू जास्ती बोलणा नाय, पण काय इसरणा नाय.” मग तिने आपली गोळ्यांची पाकिटे आणून दाखवली. प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूला नातीने काळ्या मार्करने चित्र काढलेले होते. सकाळच्या गोळीवर किरणे काढलेला सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्रकोर आणि ज्या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या त्यांवर ताटाचा गोल. आजीला अक्षर वाचता येत नाही. आता दुकानातही जी म्हातारी माणसे चिठ्ठी घेऊन येतात त्यांना ती तशीच चित्रे काढून देते. वडील हे सगळे रोज पाहत होते, परंतु परिचयात लिहिण्यासारखे यात काही आहे असे त्यांना वाटले नव्हते.

असा एक तपशील हाती लागेपर्यंत लिहायला बसू नये. बहुतेक घरांत तो वीस-पंचवीस मिनिटांत मिळतो आणि अनेकदा तो घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून मिळतो.

शांत म्हणजे नेमके कसे

प्रसंग मिळाल्यावर शब्द निवडणे सोपे होते, कारण कोणती छटा हवी ते प्रसंगच सांगतो. ‘मितभाषी’ म्हणजे बोलणे मोजके, यात रागाचा संबंध नाही. ‘संयमी’ म्हणजे राग किंवा इच्छा असूनही आवर घालणारा. ‘धीराचा’ हा शब्द संकटात उपयोगी पडणाऱ्या माणसाला शोभतो. मालवणच्या एका मुलाच्या परिचयात मी तो वापरला, कारण समुद्रात होडीचे इंजिन बंद पडले असताना त्यानेच इतरांना बसवून ठेवले आणि किनाऱ्यावर फोन लावला होता. ‘समंजस’मध्ये दुसऱ्याची बाजू समजून घेणे येते. ‘निवांत’ बोलण्यात गोड वाटतो, पण लेखी परिचयात तो कामाची फिकीर नसलेला असा वाचला जाण्याची भीती असते. ‘थंड’ कधीच लिहू नये. ‘अबोल’ लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात घुमेपणाची शंका येते आणि ‘भिडस्त’ म्हणजे नाही म्हणता न येणारा, तो शांतपणा नव्हे.

एका शब्दाविषयी मला विशेष काळजी वाटते. मुलींच्या परिचयात आईवडील मोठ्या अभिमानाने ‘सोशिक’ लिहितात. सोशिक म्हणजे सोसणारी. लग्नाआधीच आपण समोरच्या घराला ‘ही सोसून घेईल’ असे लेखी कळवत असतो आणि ज्या घराला नेमके तेच हवे असते ते घर या शब्दाकडे आधी ओढले जाते. ‘तडजोड करणारी’, ‘कशातही जुळवून घेणारी’ यांचेही तसेच आहे. मुलगी समंजस असेल तर ‘समंजस’ लिहावे, सोशिक असली तरी ‘सोशिक’ लिहू नये. या बाबतीत मी कोणाचा आग्रह मानत नाही.

आपल्या मुलीच्या बाबतीत ‘मोजके बोलते’ एवढे विधान पुरेसे होते आणि त्यामागे आईने सांगितलेला दुसऱ्या दिवशीचा चहा होता. रागावल्यावर ती गप्प राहते हे लिहावे का, यावर घरात चर्चा झाली. वडिलांना ते उणे वाटले. माझे मत असे पडले की गप्प राहून दुसऱ्या दिवशी बोलणे ही चांगली सवय आहे आणि ज्याला भांडण त्याच क्षणी मिटवायचे असते अशा मुलालाही ते आधी कळलेले बरे. त्यामुळे शांतपणाला आकार येतो आणि वाचणाऱ्याचा विश्वासही बसतो.

माया दाखवायची, तिचे नाव घ्यायचे नाही

काळजी घेण्याच्या गुणासाठी मराठीत शब्द भरपूर आहेत, परंतु विशेषण म्हणून ते परिचयात नीट बसत नाहीत. ‘काळजीवाहू’ म्हटले की सरकार आठवते. ‘कनवाळू’ आणि ‘मायाळू’ हे शब्द आजीला किंवा देवाला जास्त शोभतात, अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला तितके नाहीत. ‘हळवी’ म्हणजे लवकर डोळे भरून येणारी, त्यात दुसऱ्यासाठी काही करणे येतेच असे नाही. ‘मनमिळाऊ’चा तर या गुणाशी संबंधच नाही. सर्वांत मिसळणारा माणूस आजाऱ्याजवळ बसेलच असे कुठे आहे? क्रियापदे मात्र या कामी उत्तम आहेत : जीव लावते, विचारपूस करते, लक्षात ठेवते, आठवणीने आणते, सोबत बसते, हाताशी राहते. यांतले एकच घ्यावे आणि ते खऱ्या प्रसंगाला जोडावे. इथे तर सूर्य आणि चंद्र होते, त्यामुळे क्रियापदाचीही वेगळी गरज पडली नाही. ‘काढून देते’ एवढे साधे क्रियापद पुरले.

प्रसंग लिहिताना दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे प्रसंग सांगून झाल्यावर ‘यावरून तिचा प्रेमळ स्वभाव दिसून येतो’ असे जोडणे. वाचणाऱ्याला ते दिसलेले असते, पुन्हा सांगितले की तो प्रसंगच मुद्दाम मांडल्यासारखा वाटू लागतो. दुसरी चूक म्हणजे प्रसंग मोठा करणे. वडिलांनी दुरुस्ती करताना ‘गोरगरीब रुग्णांची ती निःस्वार्थ सेवा करते’ असे लिहिले होते. सूर्य-चंद्र खरे होते आणि सेवा हा शब्द त्यांच्यापेक्षा फार मोठा होता, म्हणून तो काढला.

‘कुटुंबवत्सल’ : कोणते कुटुंब, कुठे राहणारे

तिन्हींत हा शब्द सर्वांत अवघड, कारण तो स्वभावापेक्षा राहणीविषयी जास्त वाचला जातो. आपल्याकडे बहुतेक घरांचा एक पाय गावात आणि एक मुंबईत असतो. मुलगा चाकरमानी असला तर आईवडील गावी, तो भाड्याच्या खोलीत आणि वर्षातून दोन-तीनदा भेट अशीही स्थिती असते. अशा वेळी ‘कुटुंबवत्सल मुलगी हवी’ याचा अर्थ एका घरात ‘सासू-सासऱ्यांजवळ गावी राहणारी’ असा असतो, दुसऱ्या घरात ‘सर्वांना धरून राहणारी, पण नवऱ्याबरोबर शहरात’ असा असतो. शब्द तोच राहतो आणि दोन्ही बाजू आपापला अर्थ मनात धरून पाहण्याच्या कार्यक्रमापर्यंत येतात. तिथे पोहे खाऊन झाल्यावर कळते की कोणालाच ते जमणार नव्हते.

त्यासाठी या गुणाचे दोन भाग करावेत. एका वाक्यात ओढ सांगावी आणि दुसऱ्या वाक्यात राहण्याविषयीची तयारी स्पष्ट लिहावी. ओढ सांगताना ‘घरगुती’ हा शब्द टाळावा, कारण त्यातून नोकरी करणार नाही असा अर्थ निघतो. ‘घरंदाज’ कुळाविषयी आहे, स्वभावाविषयी नाही. ‘कुटुंबाभिमुख’ हा शब्द कोणाच्याच घरात बोलला जात नाही. ‘माणसांत रमते’, ‘गोतावळ्याची सवय आहे’, ‘घर भरलेले आवडते’ या बोलीतल्या रचना औपचारिक लेखनातही शोभतात. या मुलीच्या घरी गणपतीत पंचवीसएक माणसे असतात आणि माजघरात कोणाच्या गाद्या, पडवीत कोणाच्या, लहान मुले कोणाजवळ, हे ती आदल्या दिवशी कागदावर लिहून काढते. ओढ याहून वेगळी सांगण्याची गरज नव्हती.

मुलाच्या परिचयातही हेच लागू आहे. वर सांगितलेल्या मालवणच्या मुलाबद्दल ‘कुटुंबप्रिय’ असे लिहिण्याऐवजी ‘१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तो काकांबरोबर अंगणात जाळी दुरुस्त करायला बसतो आणि संध्याकाळचा स्वयंपाक बहिणीबरोबर करतो’ असे लिहिले. त्याच्याकडे आलेल्या स्थळांपैकी दोघांनी फोनवर पहिला प्रश्न स्वयंपाकाचाच विचारला.

जुळणी, लांबी आणि काय वगळावे

आता सगळे एकत्र आणायचे. ऐंशी ते शंभर शब्द पुरतात, कारण हा मजकूर बहुधा फोनच्या पडद्यावर वाचला जातो आणि त्याहून लांब असेल तर वाचणारा थेट फोटोकडे जातो. कोण बोलत आहे ते आधी ठरवावे. वडील लिहीत असतील तर शेवटपर्यंत ‘आमची मुलगी’ आणि ‘ती’, मुलगी स्वतः लिहीत असेल तर ‘मी’. मध्येच ‘ती’चे ‘मी’ झालेले परिचय मी पुष्कळ पाहिले आहेत आणि तिथे उतरवून घेतल्याचा संशय लगेच येतो. रकान्यांत आलेली माहिती पुन्हा लिहू नये. गाव आणि दुकान यांची नावे या परिच्छेदात देऊ नयेत. हा मजकूर अनोळखी लोकांच्या फोनवर फिरतो आणि मुलगी कुठे, कधी भेटेल हे त्यावरून कोणालाही कळता कामा नये. तालुका पुरेसा आहे.

तयार झालेला परिच्छेद असा :

“आमची मुलगी कणकवली तालुक्यात फार्मासिस्ट आहे आणि लग्नानंतरही नोकरी चालू ठेवणार आहे. ती मोजके बोलते. राग आला तर त्या दिवशी गप्प राहते आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे विषय काढते. ज्यांना वाचता येत नाही अशा लोकांना ती औषधाच्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून देते. ही सवय तिला आजीच्या गोळ्यांमुळे लागली. घर भरलेले तिला आवडते. गणपतीत मुंबईची सगळी माणसे आली की कोण कुठे झोपणार हे तीच ठरवते. सासरी मोठे कुटुंब असल्यास आनंदच आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा गोव्यात राहण्याची तयारी आहे, मुंबईत मात्र नाही.”

यात ‘शांत’ हा शब्द एकदाच आणि तोही क्रियाविशेषण म्हणून आला आहे, ‘प्रेमळ’ आणि ‘कुटुंबवत्सल’ आलेच नाहीत. शेवटचे तीन शब्द घालावेत की नाही यावर वडील दोन दिवस अडून होते, कारण त्यामुळे स्थळे कमी होतील अशी त्यांना भीती होती. स्थळे कमी होतीलच. पण जी कमी होतील ती पुढे बोलणी होऊन मोडणारीच होती.

पाठवण्यापूर्वी तपासणी

परिच्छेद लिहून झाला की एक रात्र तसाच ठेवावा आणि सकाळी घरातल्या कोणालातरी मोठ्याने वाचायला सांगावा. जिथे वाचणाऱ्याचा सूर भाषणासारखा होतो तिथले वाक्य बदलावे. माझ्या अनुभवात असे वाक्य बहुधा ‘असून’ किंवा ‘तसेच’ या शब्दांनी जोडलेले असते. ते तोडून दोन वाक्ये केली की पुरते. नंतर प्रत्येक वाक्य चुलत बहिणीच्या परिचयात ठेवून पाहावे. ते तिथेही तसेच्या तसे बसत असेल तर ते अजून या मुलीचे झालेले नाही. आणखी एक तपासणी मुलीला न ओळखणाऱ्या माणसाकडून करून घ्यावी. त्याला परिच्छेद वाचायला देऊन ‘फोन केलास तर पहिल्यांदा काय विचारशील?’ एवढेच विचारावे. त्याने चंद्र-सूर्याविषयी किंवा गोव्याविषयी विचारले तर परिच्छेद आपले काम करतो आहे. ‘स्वभाव कसा आहे?’ असेच विचारले तर प्रसंगाची निवड चुकली आहे आणि आजीकडे परत जायला हवे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. प्रसंग नसलेला गुण या पद्धतीने लिहिता येत नाही. एखाद्या मुलाला घरची ओढ आहे असे सगळे म्हणतात, पण विचारल्यावर कोणालाच काही आठवत नाही, असे झाले तर तो गुण सोडून द्यावा आणि दोनच गुण लिहावेत. रचलेला प्रसंग पाहण्याच्या कार्यक्रमात दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

सर्वांत शेवटी, परिच्छेद पाठवल्यावर तो घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवावा. या मुलीच्या घरी पहिला फोन आला तो मुंबईहून आलेल्या काकांनी घेतला. त्यांनी परिच्छेद पाहिलेला नव्हता आणि मोठ्या प्रेमाने पलीकडच्यांना सांगितले की मुलगी अगदी सोशिक आहे, मुंबईतसुद्धा राहील. दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन करून दोन्ही गोष्टी दुरुस्त कराव्या लागल्या.